आकाशातले पट्टे: ८-बिट, १६-बिट आणि कर्व्हचा ताण

«सर, सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत संध्याकाळी तळ्याच्या काठावरून सिद्धेश्वर मंदिराचा फोटो काढला. आकाश फार काळं आलं होतं म्हणून फोटोशॉपमध्ये कर्व्ह ओढून उजळलं, तर आकाशात पट्टे पट्टे दिसायला लागले. एकानं सांगितलं १६-बिट करून बघ. मोड बदलला, पण पट्टे जसेच्या तसे. मग १६-बिटचा उपयोग तरी काय? २४ इंची प्रिंट काढायची आहे.»

मोड बदलायची वेळ चुकली. कर्व्ह ओढण्याआधी बदलला असता तर थोडा फायदा झाला असता आणि रॉ फाइल थेट १६-बिटमध्ये उघडली असती तर पट्टे बहुतेक आलेच नसते. एकदा पट्टे पडले की नुसता मोड बदलून ते जात नाहीत. असं का होतं ते नीट सांगतो, कारण ते समजलं की पुढच्या वेळी कुठे थांबायचं हे आपोआप कळतं. तुमचा हा फोटोही बऱ्यापैकी वाचवता येईल, ते शेवटी सांगतो.

८-बिट म्हणजे प्रत्येक चॅनेलमध्ये, लाल, हिरव्या आणि निळ्यात, काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत २५६ पायऱ्या. शून्यापासून २५५. दोन पायऱ्यांच्या मधली जागा फाइलला माहीतच नसते. चांगल्या उजेडात काढलेल्या फोटोला एवढ्या पायऱ्या भरपूर होतात. पण तुमच्या आकाशाच्या वाट्याला २५६ आलेल्याच नाहीत. सूर्य मावळल्यानंतरचं, कमी एक्स्पोजरचं आकाश. समजा सगळ्यात वरच्या कोपऱ्यात आकडा २८ आहे आणि खाली शिखराच्या मागे, जिथे अजून थोडा उजेड आहे, तिथे ६८. म्हणजे अख्खं आकाश ४० पायऱ्यांत बसलंय.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा धरू, फोटो ६००० बाय ४००० पिक्सेल आणि त्यात आकाशाची उंची २००० पिक्सेल. ४० पायऱ्या २००० पिक्सेलवर पसरल्या म्हणजे एकेक पायरी ५० पिक्सेल रुंद. आता इथे जरा थांबा, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. हे ५० पिक्सेलचे पट्टे तुम्ही कर्व्ह ओढायच्या आधीपासून फाइलमध्ये होते. दिसत नव्हते एवढंच. शेजारच्या दोन पट्ट्यांत फरक फक्त एकाचा होता, ४१ आणि ४२ असा, आणि एवढा बारीक फरक डोळ्याला जाणवत नाही.

मग तुम्ही कर्व्ह ओढला. २८ ते ६८ हा भाग, समजा, ४० ते २०० वर नेला. ताण चौपट झाला. पण २८ ते ६८ धरून फाइलमध्ये वेगवेगळे आकडे एकूण ४१च होते, तेवढेच राहिले. पूर्वी ४१, ४२, ४३ होते, आता ९२, ९६, १०० झाले. मधले ९३, ९४, ९५ कुठून येणार? पायरीची रुंदी तीच ५० पिक्सेल राहिली, उंची मात्र चौपट झाली, आणि डोळ्याला उंची दिसते. यालाच पोस्टरायझेशन म्हणतात. २४ इंच रुंद प्रिंटमध्ये ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला २५० पिक्सेल, तेव्हा तुमचा एकेक पट्टा कागदावर साधारण ५ मिलिमीटरचा येईल. भिंतीवर लावल्यावर खोलीच्या पलीकडूनही दिसेल.

हिस्टोग्राम उघडून बघा. सलग डोंगर दिसण्याऐवजी मागाच्या फणीसारखे सुटे सुटे दात दिसतील, मध्ये मोकळी जागा. दात म्हणजे उरलेले आकडे, मोकळी जागा म्हणजे आता कुठल्याच पिक्सेलकडे नसलेले आकडे. फक्त हिस्टोग्रामच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह असेल तर त्यावर क्लिक करून ताजा करून घ्या. नाहीतर तो घाईत काढलेल्या अंदाजावर काढलेला असतो आणि दात लपून राहतात. दात दिसले म्हणजे फोटो वाया गेला असंही नाही. चेहऱ्यात, दगडात, गर्दीत असे दात असले तरी डोळ्याला काहीच कळत नाही. सपाट, हळूहळू बदलणाऱ्या भागातच ते उघडे पडतात: आकाश, धुकं, स्टुडिओतला पडदा, तळ्याचं स्थिर पाणी.

आता १६-बिट. फोटोशॉपच्या १६-बिट मोडमध्ये शून्य ते ३२७६८ अशा पायऱ्या असतात. नाव १६-बिट असलं तरी ६५५३६ नाहीत, पण फोटोच्या कामाला एवढ्या कितीतरी जास्त आहेत. तुमचं २८ ते ६८ चं आकाश या मोजपट्टीवर पाच हजारांहून जास्त पायऱ्यांत बसतं. कॅमेऱ्याच्या रॉमधून प्रत्यक्षात इतके वेगळे आकडे येत नाहीत. १२-बिट रॉमध्ये एकूण ४०९६ पायऱ्या असतात, १४-बिटमध्ये १६३८४, आणि काळोख्या भागाच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात. तरी ८-बिटच्या ४१ आकड्यांपेक्षा त्या बऱ्याच जास्त असतात. तोच चौपट ताण दिला आणि शेवटी ८-बिट केलं, तर ४० ते २०० मधले जवळजवळ सगळे आकडे भरलेले मिळतात. पायरी साडेबारा पिक्सेलची आणि उंची फक्त एक. कागदावर सव्वा मिलिमीटर. ती दिसत नाही.

म्हणून शेवटची फाइल ८-बिट असायला काहीच हरकत नाही. जेपेग ८-बिटच असते आणि लॅबही तीच मागते. प्रश्न एवढाच आहे की ओढाताण चालू असताना मधले आकडे शिल्लक होते का. ८-बिट जेपेगला १६-बिटमध्ये नेलं तर जागा मोठी होते, पण त्यात ठेवायला आकडे तेच ४१. तुमच्या बाबतीत तर पट्टे आधीच चौपट उंच झालेले होते, ते मोठ्या जागेत जसेच्या तसे जाऊन बसले.

शब्दांवर विश्वास ठेवू नका, हे स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. २००० पिक्सेल रुंदीची नवी ८-बिट फाइल घ्या आणि डावीकडून उजवीकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ग्रेडियंट ओढा, Dither ची खूण काढून आणि नव्या फोटोशॉपमध्ये Classic gradient निवडून. मग Ctrl+L दाबून Output Levels मधला उजवा आकडा २५५ वरून ६४ करा आणि OK. चित्र काळपट होईल. पुन्हा Ctrl+L, आता Input Levels मधला उजवा आकडा ६४ करा आणि OK. हिशोबानं चित्र होतं तसं परत यायला हवं. येत नाही. पहिल्या खेपेला २५६ आकडे ६५ मध्ये कोंबले गेले, दुसऱ्या खेपेला ते ६५च परत ताणले गेले, आणि साधारण ३० पिक्सेलच्या उभ्या पट्ट्या उभ्या राहतात. आता हीच फाइल नव्यानं Image > Mode > 16 Bits/Channel मध्ये तयार करून तेच दोन बदल करा. काहीही घडल्याचं दिसणार नाही. गिम्प २.१० वापरत असाल तर Image > Precision मध्ये हाच बदल मिळतो.

या प्रयोगातली दुसरी गोष्ट रोजच्या कामात जास्त महाग पडते. नुकसान फक्त ताणण्यानं होत नाही, आधी दाबून मग ताणण्यानं जास्त होतं. एकदा एका गिऱ्हाइकासाठी हिप्परग्याच्या तलावावरची पहाट मोठ्या कॅनव्हासवर करायची होती. मी फाइल ८-बिटमध्येच घेतली. गिऱ्हाईक म्हणालं थोडं गडद करा, केलं. दोन दिवसांनी म्हणालं नको, पहिल्यासारखं उजळ करा, तर त्याच फाइलवर पुन्हा लेव्हल्स लावल्या. स्क्रीनवर छोट्या आकारात ठीक वाटलं. कॅनव्हास ताणून चौकटीत बसवल्यावर पाण्यावर पायऱ्या दिसल्या आणि तो परत करून द्यावा लागला. ती चूक माझीच होती. त्या दिवसापासून आकाश किंवा पाणी मोठं असलेली फाइल मी ८-बिटमध्ये उघडतच नाही.

तुमच्या फोटोत आणखी एक खोडी असणार आहे. चॅनेल्सच्या पॅनेलमध्ये जाऊन फक्त Red वर क्लिक करा. सूर्यास्तानंतरच्या निळ्या आकाशात लाल चॅनेल अगदी तळाला असतो. निळ्यात ४०-५० पायऱ्या असतील तेव्हा लालमध्ये कधी कधी १०-१२च उरलेल्या असतात. तिथे पट्टे आधी पडतात, जास्त रुंद पडतात आणि निळ्याच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. म्हणून नुसते उजळ-गडद पट्टे न दिसता एक पट्टा जांभळट, शेजारचा हिरवट असं दिसतं. कर्व्हनंतर सॅच्युरेशन वाढवलं असेल तर हा रंगांचा खेळ आणखी उघड होतो. याच कारणानं प्रोफोटो आरजीबीसारखी रुंद कलर स्पेस ८-बिटमध्ये वापरू नका. त्याच २५६ पायऱ्या तिथे जास्त मोठ्या रंगपट्ट्यावर पसरतात, म्हणजे प्रत्येक पायरी मुळातच उंच. प्रोफोटो घ्यायचं तर १६-बिटच. ८-बिटमध्ये राहायचं तर एसआरजीबी बरं.

पट्टे खरंच फाइलमध्ये आहेत की तुमच्या स्क्रीनमध्ये, हे आधी ठरवा. स्वस्त लॅपटॉपचे बरेच पॅनेल खरे ८-बिटही नसतात, ६-बिटचे असतात आणि मधले रंग फसवून दाखवतात. कॅलिब्रेशनमुळेही पट्टे दिसू शकतात. ओळखायची पद्धत सोपी आहे. फोटो १०० टक्क्यांवर न्या, F8 दाबून Info पॅनेल उघडा आणि माउस आकाशात वरून खाली हळूहळू सरकवा. पट्ट्याच्या कडेवर आकडा ९२ वरून एकदम ९६ वर उडी मारत असेल तर दोष फाइलचा. आकडा ९२, ९३, ९४ असा एकेकानं चढतोय आणि तरीही डोळ्याला पट्टा दिसतोय, तर दोष स्क्रीनचा. अशी फाइल छापली की प्रिंट स्वच्छ येते. मी कुणाचीही पट्ट्यांची तक्रार आली की आधी हे करतो. कितीतरी वेळा फाइल निर्दोष निघते आणि उगाच केलेली दुरुस्ती वाचते. कधी कधी मोबाइलवरून पाठवलेला फोटोच समोर असतो. त्यात कॉम्प्रेशनचे चौकोनी डाग पट्ट्यांच्या कडेला चिकटलेले दिसतात, तो वेगळा विषय. मूळ फाइल मागवून घ्यायची.

तुम्ही म्हणाल, मग शोभेच्या दारूकामाचे फोटो रात्रीचेच असतात, तेही ओढतो, त्यात पट्टे का येत नाहीत? कारण तिथे आयएसओ चढवलेला असतो, आकाशात रवाळ नॉइज असतो. नॉइजमुळे ९२ आणि ९६ च्या मध्ये सरळ कड राहत नाही. दोन्हींचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि लांबून डोळा त्यांची सरासरी धरतो, मधला रंग असल्याचा भास होतो. म्हणजे ज्या नॉइजला आपण शिव्या घालतो तोच इथे राखण करत असतो. ट्रायपॉडवर, आयएसओ १०० ला, लांब एक्स्पोजर देऊन काढलेलं गुळगुळीत आकाश उलट जास्त धोक्याचं. आणि कर्व्हच्या आधी नॉइज रिडक्शनचा स्लायडर जोरात ओढला असेल तर आपणच राखणदार काढून टाकला, असं समजा.

आता तुमचा फोटो. पहिला प्रश्न, कार्डावर किंवा हार्ड डिस्कवर रॉ आहे का? असेल तर सध्याची फाइल बाजूला ठेवा. रॉ फाइल Camera Raw मध्ये उघडा, खिडकीच्या तळाशी कलर स्पेस आणि बिट लिहिलेली ओळ असते, त्यावर क्लिक करून १६-बिट निवडा. मोठी ओढाताण, म्हणजे एक्स्पोजर, शॅडोज, कर्व्ह, तिथेच रॉवर करून घ्या, कारण तिथलं गणित मूळ आकड्यांवर चालतं. लाइटरूममधून पाठवत असाल तर Preferences च्या External Editing मध्ये १६-बिट टिफ ठेवा. कॉम्प्युटर जुना असेल तर एक पळवाटही आहे आणि ती मला वाईट वाटत नाही: सगळं जड काम रॉमध्ये उरका आणि फोटोशॉपमध्ये फक्त डाग पुसणं, किरकोळ साफसफाई यासाठी ८-बिट घ्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो ८-बिटला ७२ मेगाबाइट, १६-बिटला १४४, आणि प्रत्येक लेअरची कॉपी काढली की तेवढी भर. चार जीबीच्या मशीनवर ते झेपत नाही हे मलाही माहीत आहे.

फक्त जेपेगच असेल तर कॅमेऱ्यातून आलेली मूळ जेपेग घ्या, कर्व्ह लावलेली नको. मोड आधी १६-बिट करा. इथे तो खरोखर उपयोगी आहे, कारण आता आपण मधले आकडे तयार करणार आहोत आणि त्यांना जागा लागेल. लेअरची कॉपी काढा आणि त्यावर Filter > Blur > Surface Blur लावा. रेडियस ४० च्या आसपास, थ्रेशोल्ड ५. थ्रेशोल्डमुळे हा फिल्टर फक्त जवळजवळ सारख्या आकड्यांनाच एकमेकांत मिसळतो. पट्ट्यांमधला फरक एक-दोनचा, तो मिसळून जातो. शिखराचा आणि आकाशाचा फरक त्याहून खूप मोठा, म्हणून शिखराची कड तशीच राहते. साध्या गॉशियन ब्लरनं शिखराभोवती काळी साय आली असती. फिल्टर हळू चालतो, धीर धरा. मग मास्क लावून त्याचा परिणाम आकाशापुरता ठेवा, मंदिर आणि घाट मूळचेच राहू द्या. हेच ८-बिटमध्ये केलं असतं तर ब्लरनं काढलेला ४१.३ पुन्हा ४१ झाला असता आणि पायरी होती तिथेच उभी राहिली असती.

त्यानंतर कर्व्ह ओढा, पण पहिल्या वेळेएवढा नाही. चौपटच्या जागी अडीच-तीनपटीवर थांबा. यात्रेच्या संध्याकाळचं आकाश दुपारसारखं दिसायची गरजही नाही. मग अजून १६-बिटमध्येच असताना आकाशावर Filter > Noise > Add Noise, एक टक्का, Gaussian, आणि Monochromatic वर खूण. १०० टक्क्यांवर किंचित रवाळ वाटेल, कागदावर कळणारही नाही. हे झाल्यावरच ८-बिट करून, एसआरजीबीत आणून, जेपेग वरच्या दर्जाला सेव्ह करा. क्रम उलटा करू नका. नॉइज ८-बिट झाल्यावर घातला तर तो पायऱ्यांना झाकतो, आधी घातला तर पायऱ्या मुळात तयारच होऊ देत नाही.

याला मर्यादा आहे. आकाशात विरळ ढग असतील, एखादं पाखरू किंवा विजेची तार असेल, तर ब्लरमध्ये ती फिकी होईल. ती मास्कमध्ये हातानं परत आणा. आणि लाल चॅनेलमध्ये खरोखर १०-१२च पायऱ्या असतील तर रेडियस ४० पुरणार नाही, तिथे पट्टेच दीड-दोनशे पिक्सेलचे असतात. अशा वेळी मी कर्व्ह कमी करतो, रंगाशी झगडत बसत नाही.

२४ इंची प्रिंटला पाठवण्याआधी आकाशाच्या सगळ्यात सपाट भागातून, शिखराची थोडी कड येईल असा, १५०० बाय १००० पिक्सेलचा तुकडा कापा. तो लॅबमध्ये ६ बाय ४ इंचात काढून घ्या, लॅबला आपोआप करेक्शन बंद ठेवायला सांगून. म्हणजे इंचाला २५० पिक्सेल हीच मोठ्या प्रिंटची मोजणी त्यात येते. तो तुकडा दिवसाच्या उजेडात हातभर अंतरावरून बघा. त्यात पट्टा दिसला नाही तर मोठ्यातही दिसणार नाही.